आपल्याच कॉलनीतली अडलेली गरज आणि तिच्यातून छोटा व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलनीत राहूनच काही छोटं काम सुरू करू पाहणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दहा व्यवसायांची यादी देण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: पार्किंगमध्ये बंद पडून राहिलेल्या सायकली. गरज दिसण्यापासून ती हिशेबात बसते की नाही इथपर्यंतचे सगळे टप्पे त्यात येतात. तुमच्या डोक्यात दुसरं काम असलं तरी पायऱ्या याच राहतील. उदाहरणातले आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत, तुमचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील.

१. "गरज ओळखा" असं सगळे सांगतात. पण नेमकं काय शोधायचं?

लोकांनी काय मागितलं ते नंतर बघा. आधी लोक कुठे अडून बसलेत ते शोधा. अडलेल्या गरजेच्या खुणा साधारण तीन प्रकारच्या असतात आणि तिन्ही डोळ्यांना दिसतात.

पहिली खूण म्हणजे साठलेली वस्तू. एखादी गोष्ट टाकून दिलेली नाही आणि वापरातही नाही, तर मध्ये काहीतरी अडलेलं आहे. दुसरी खूण म्हणजे जुगाड: तुटलेल्या ब्रेकच्या वायरीला बांधलेली सुतळी, खिळखिळ्या सीटखाली कोंबलेली चिंधी. ज्यानं सुतळी बांधली त्याला ती वस्तू चालू हवी आहे आणि त्यासाठी त्यानं थोडे कष्टही घेतले आहेत, म्हणून जुगाड ही सर्वांत भरवशाची खूण. तिसरी खूण म्हणजे वळसा. एका कामासाठी कुणी लांब जातो, दुसऱ्याच्या सवडीची वाट बघतो किंवा वॉचमनला गळ घालतो.

या तिन्हींपैकी एकही खूण दिसत नसेल आणि फक्त "असं काहीतरी असायला हवं होतं" एवढंच ऐकू येत असेल, तर त्यावर काम उभं करू नका.

२. पाहायचं कुठे आणि कोणत्या वेळी?

जिथे वस्तू ठेवल्या जातात तिथे, आणि जिथे लोक थांबतात तिथे. पार्किंगचे कोपरे, जिन्याखालची जागा, मजल्यावरचे पॅसेज आणि गच्चीचं दार ही वस्तूंची ठिकाणं. गेट, लिफ्टसमोरची जागा आणि मुलांच्या खेळाची जागा ही माणसांची.

एकच फेरी पुरत नाही. कामाच्या दिवशी सकाळी, त्याच दिवशी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी अशा निदान तीन फेऱ्या मारा. सायकलींचंच घ्या. सकाळी पार्किंगमध्ये सगळ्याच सायकली उभ्या असतात, त्यामुळे चालू कोणती आणि बंद कोणती हे कळत नाही. संध्याकाळी मुलं खाली उतरली की चालू सायकली बाहेर पडतात आणि उरतात त्या तुमच्या कामाच्या.

त्या वेळी खेळाच्या जागेकडेही पाहा. दोन-तीन मुलं एकाच सायकलवर आळीपाळीनं बसत असतील आणि त्यांच्या स्वतःच्या सायकली पार्किंगमध्ये उभ्या असतील, तर याहून स्पष्ट खूण मिळणार नाही.

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जुने मेसेजही चाळा. "कुणाकडे हवेचा पंप आहे का?" असा मेसेज गेल्या वर्षभरात किती वेळा आला, वेगवेगळ्या किती घरांतून आला आणि त्याला उत्तर मिळालं का, हे लिहून काढा. एकाच घरातून पाच वेळा आलेला प्रश्न आणि पाच घरांतून एकेकदा आलेला प्रश्न यांत फार फरक आहे. पाहायचं काय आणि पाहायचं नाही काय, यासाठी प्रश्न १३ वाचा.

३. मी ग्रुपवर विचारलं, "अशी सेवा सुरू केली तर घ्याल का?" भरपूर "हो" आले. एवढं पुरे नाही का?

नाही. शेजाऱ्याला "हो" म्हणायला काही लागत नाही, उलट "नाही" म्हणताना अवघड वाटतं. त्यामुळे या उत्तरांतून तुमच्याबद्दलचा आपलेपणा कळतो, गरज कळत नाही. शिवाय ग्रुपवर पहिल्या दोघांनी अंगठा दाखवला की बाकीचे त्याच वाटेनं जातात.

पुढे काय कराल हे न विचारता मागे काय केलं ते विचारा, तेही एकेकट्याला, उभ्या उभ्या. "सायकल शेवटची कधी चालवली?" "बंद पडल्यावर काय केलंत?" "दुरुस्तीला नेली होती का? नाही, तर कशामुळे?" ज्या घरानं बंद पडल्यावर काहीच केलं नाही, त्या घराला बहुधा ती अडचण वाटतच नाही. ज्यांनी निदान एकदा खटपट केली, मेकॅनिकला फोन केला किंवा सायकल गाडीत टाकून नेली, ती तुमची पहिली गिऱ्हाइकं.

"काका, तुमची सायकल बरेच दिवस उभी दिसते, काय झालंय तिला?" एवढ्यानंच बोलणं सुरू होतं. तुम्ही काय सुरू करणार आहात ते या वेळी सांगू नका. सांगितलंत की पुढची सगळी उत्तरं तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिली जातील.

४. मोजणी कशी करायची? उदाहरण देऊन सांगाल का?

कागदावर चार रकाने आखा आणि प्रत्येक सायकल एका रकान्यात टाका. चालू, फक्त हवा नसलेली, हवाही नाही आणि आणखीही बिघाड, आणि दुरुस्तीपलीकडची.

ओळखायचं असं. टायर अंगठ्यानं दाबा. दबलं नाही तर हवा आहे. मग सीट आणि हँडलवरची धूळ बघा, कारण हवा असूनही महिनोन्‌महिने न हललेली सायकल चालू धरायची नाही. तिच्यापुढे कागदावर एक खूण करून ठेवा. हवा नसलेल्या सायकलचं मागचं चाक उचलून पेडल फिरवा: चेन फिरते का, की गंजून कडक झाली आहे? ब्रेक दाबून सोडा: लिव्हर परत येतो का? टायरच्या बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडून आतले धागे दिसत असतील तर टायरही बदलावं लागेल. रिम वाकलेला किंवा फ्रेमला तडा गेलेला असेल तर चौथा रकाना. प्रत्येक सायकलपुढे टायरचा आकार लिहायला विसरू नका, प्रश्न ५ आणि ७ मध्ये त्याचं काम आहे.

समजा कॉलनीत २४० घरं आहेत आणि पार्किंगमध्ये ९६ सायकली सापडल्या. त्यांपैकी ३६ चालू, ४३ फक्त हवा नसलेल्या, ११ मध्ये आणखी बिघाड आणि ६ दुरुस्तीपलीकडच्या. म्हणजे ५४ सायकली दुरुस्त होण्याजोग्या असूनही बंद आहेत. निम्म्याहून जास्त! इथे बहुतेकांना वाटतं की धंदा सापडला. अजून सापडलेला नाही.

५. वस्तू बंद पडून आहे म्हणजे गरज आहेच ना?

याच ठिकाणी सर्वांत जास्त लोक फसतात. बंद सायकलीमागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात: दुरुस्तीची सोय नाही, किंवा सायकल नकोच आहे. पार्किंगमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात.

उलगडा टायरच्या आकारातून होतो. आपल्या ५४ सायकली आकारानुसार मांडू: १२ ते १६ इंची २३, २० इंची १८ आणि २४ इंच किंवा त्याहून मोठ्या १३. आता मालकांना विचारा. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक हँडलला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची: "ही सायकल चालू करून हवी आहे का? हवी असल्यास घर क्रमांक लिहून चिठ्ठी गेटवरच्या डब्यात टाका." आठवडाभर थांबायचं. ज्यांची चिठ्ठी येत नाही, त्यांना शक्य असेल तर समक्ष गाठायचं.

समजा निकाल असा आला: लहान २३ पैकी फक्त ४ जणांना दुरुस्ती हवी. बाकी १९ घरांतली मुलं त्या सायकलीला मोठी झाली आहेत. बसलं की गुडघे हँडलला लागतात, म्हणून सायकल सुटली. हवा जाणं हे त्यानंतरचं. २० इंचीमध्ये १२ आणि मोठ्यांमध्ये ६ घरांना दुरुस्ती हवी. एकूण २२. चोपन्नवरून आपण बाविसावर आलो.

पण त्या १९ घरांना काहीच नको असं नाही. त्यांची अडचण वेगळी आहे: लहान झालेली सायकल द्यायची कुणाला आणि मोठी आणायची कुठून? त्याच कॉलनीत चार-पाच वर्षांची मुलंही आहेत, त्यांना नेमक्या याच सायकली लागणार आहेत. म्हणजे दुरुस्तीच्या शोधात निघालेल्या माणसाला अदलाबदलीचं काम सापडलं. लहान सायकल घ्यायची, नीट करायची, दुसऱ्या घराला द्यायची आणि मधल्या कामाचं मोल घ्यायचं. आमच्या मते या उदाहरणातलं जास्त टिकाऊ काम तेच आहे, कारण मुलं वाढायची थांबत नाहीत.

६. बावीस घरांना दुरुस्ती हवी आहे. मग महिन्याला किती काम मिळेल?

साठलेलं काम आणि चालू काम वेगळं काढल्याशिवाय हा हिशेब करता येत नाही. त्या बावीस सायकली कित्येक महिन्यांत साठलेल्या आहेत. तुम्ही त्या एकदा दुरुस्त केल्यात की तो साठा संपला. पहिल्या महिन्यात झुंबड उडते, माणूस खूश होऊन सामान भरतो, आणि तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही. यात तुमच्या कामाचा दोष नसतो. साठा उपसून झालेला असतो, इतकंच.

चालू काम असं काढायचं. बाविसांपैकी प्रत्यक्षात समजा १४ जणांनीच सायकल आणून दिली. चिठ्ठी टाकणं आणि सायकल खाली आणून पैसे देणं यांत गळती होतेच, ती धरूनच चाला. आधीच्या ३६ आणि या १४ मिळून ५० चालू सायकली झाल्या. प्रत्येकीला वर्षातून दोनदा पैसे देण्याजोगं काम निघतं असं धरू: एखादं पंक्चर, एखादी ब्रेकची वायर. वर्षाला १०० कामं, म्हणजे महिन्याला आठ. त्यांतली निम्मी लोक स्वतः करतील किंवा दुसरीकडे नेतील. उरली चार. एका कामाला ४० मिनिटं धरली तर महिन्याला तीन तासांहूनही कमी काम.

म्हणजे एकट्या या कॉलनीवर पोट भरणार नाही, हे सामान घेण्याआधीच कळलं. तरीही ते महिन्यातल्या एका सकाळचं नेमानं चालणारं काम आहे. अशा सहा कॉलनी जोडल्या तर महिन्याला चोवीस कामं होतात आणि जवळजवळ सगळ्या शनिवार-रविवारच्या सकाळी भरतात. अदलाबदलीचं काम त्यात मिळवलं तर आणखी भर पडते. तुमच्या कॉलनीत वर्षाला दोन कामं निघतील की एकच, हे तीन महिने वहीत नोंद ठेवल्यावर दिसतं.

शाळेच्या लांब सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर मोजणी केली तर आकडे फुगलेले येतात, परीक्षेच्या दिवसांत केली तर खाली बसतात. जमलं तर दोन वेगवेगळ्या महिन्यांत मोजा आणि हिशेबाला कमी आकडा धरा.

७. पहिली चाचणी कशी घ्यायची? सामान किती आणायचं?

एकच रविवार, सकाळचे चार तास, आणि आधी नावं नोंदवलेल्या आठ सायकली. जास्त घेऊ नका. गंजलेला एक नट आला की अर्धा तास जातो आणि मागे रांग लागते.

हत्यारं थोडी लागतात: उभा पंप, प्लॅस्टिकचे तीन टायर लिव्हर, पान्यांचा संच, पक्कड, वायर कापायची कटर, घासपेपर, बादलीभर पाणी आणि जुनी फडकी. ट्यूब मात्र अंदाजानं आणू नका, मोजणीच्या कागदावरून आणा. निम्म्या पंक्चरना पॅच पुरेल असं धरून आठ सायकलींसाठी चार-पाच ट्यूब, आकार नोंदणीप्रमाणे. ब्रेकच्या वायरी चार, ब्रेक शूचे दोन जोड, पॅच आणि सोल्यूशन.

आकाराच्या बाबतीत एक मोठी फसगत होते. "२६ इंच" असं लिहिलेली सगळी टायरं एकमेकांच्या जागी बसत नाहीत, २० इंचीचीही तीच गत. टायरच्या बाजूला लहान अक्षरांत ४७-४०६ असा जोड आकडा असतो. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतं तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २० इंचीत ४०६ आणि ४५१ अशी दोन्ही मापं आढळतात, २६ इंचीत ५५९ आणि ५९०. टायर घ्यायचं असेल तर हा दुसरा आकडा तंतोतंत जुळायलाच हवा. ट्यूब ताणली जाते, त्यामुळे तिला थोडं इकडे-तिकडे चालतं.

हवा गेली म्हणजे पंक्चरच असं नाही. आधी हवा भरून वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर दोष वॉल्व्हचा. जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमध्ये आत एक बारीक रबरी नळी असते, ती उभ्या सायकलीतही कडक होऊन चिरते. ती बदलली की दोन मिनिटांत काम होतं. बरेच दिवस उभ्या सायकलींमध्ये हे पुष्कळदा निघतं.

पंक्चरचं काम पुन्हा परत येतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबला जातो. ते पातळ लावून पाचेक मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच. दुसरं, टायरच्या आत बोट फिरवून काटा काढलेला नसतो आणि तो नवी ट्यूबही फोडतो. भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे का ते बघा. आणि पेडल काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून नेहमीच्या दिशेनं फिरवलंत तर ते आणखी घट्ट बसेल.

८. भाव किती ठेवायचा? आणि ओळखीचे लोक पैसे देताना टाळतात, त्याचं काय?

भाव तुमच्या खर्चावरून सुरू होतो, पण ठरतो तो गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या पर्यायावरून. सायकल उचलून दुकानात नेणं, पुन्हा आणायला जाणं आणि दुकानाची मजुरी, हे सगळं मिळून त्याला जे पडतं त्याहून तुम्ही थोडे खाली राहायला हवं. दुकानाच्या मजुरीएवढीच मजुरी घेतली तरी त्याची फेरी वाचते, तेव्हा त्याहून कमी घ्यायचं कारण नाही. सामानाचे पैसे वेगळे आणि मजुरी वेगळी, असं लिहून फलक लावा.

ओळखीचा प्रश्न फलकानंच बराचसा सुटतो. पहिल्या रविवारी "राहू दे, आपलाच आहे" म्हणून फुकट काम केलंत तर दुसऱ्या रविवारी भाव सांगता येणार नाही. हवा भरून देणं हवं तर कायमचं फुकट ठेवा, तेही फलकावर लिहून. बाकी सगळ्यांना एकच भाव, चेअरमनच्या घरालाही. नोंदणी करतानाच थोडी आगाऊ रक्कम घ्या. ती दिली जाते की नाही, हीच गरजेची खरी कसोटी आहे (प्रश्न ३ मधले "हो" इथे गळून पडतात).

९. कमिटीची परवानगी लागते का?

सामाईक जागेत बसणार असाल, चिठ्ठ्या बांधणार असाल किंवा बाहेरच्यांना आत बोलावणार असाल तर घ्याच, आणि लेखी घ्या. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: कोणती जागा, किती ते किती वाजेपर्यंत, आणि तेल-चिखल कोण साफ करणार. सायकलीच्या कामात कमिटीची तक्रार बहुतेक वेळा फरशीवरच्या तेलकट डागांवरून येते. खाली जाड पुठ्ठा किंवा ताडपत्री अंथरली की ती मिटते.

एकाच रविवारसाठी परवानगी मागितली तर ती लवकर मिळते. कायमची मागितली की विषय सभेपर्यंत लांबतो. व्यवसाय नोंदणी आणि कराबद्दल आपापल्या ठिकाणचे नियम बघा.

१०. कॉलनीत हे काम कुणीच करत नाही. मग मैदान मोकळं आहे की गरजच नाही?

उत्तर वॉचमन, सफाई कामगार आणि जुन्या रहिवाशांकडे असतं. त्यांना एवढंच विचारा: पूर्वी कुणी येत होतं का, आणि का थांबलं? एखादा मेकॅनिक पूर्वी दर आठवड्याला यायचा आणि गेटवर अडवल्यामुळे थांबला असेल, तर गरज आहे, अडचण प्रवेशाची होती आणि तुम्ही रहिवासी असल्यामुळे ती तुम्हाला नाही. तो स्वतःहून थांबला असेल, पुरेसं काम नाही म्हणून, तर तो प्रश्न ६ मधल्या साठ्याच्या हिशेबात अडकला होता. त्याला एका कॉलनीसाठी लांबून यावं लागत होतं, तुम्हाला जिना उतरायचा आहे. हा फरक चार कामांचं गणित जमवायला पुरतो का, ते मांडून बघा.

११. मी पंधरा घरी विचारलं, एकानंही रस दाखवला नाही. सोडून द्यावं का?

पंधरा शून्यांवरून दिसतं त्यापेक्षा कमी कळतं. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: इतक्या जणांना विचारून एकही होकार आला नाही, तर ३ ला त्या संख्येनं भागा. येणारा आकडा म्हणजे खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकतं त्याची साधारण ९५ टक्के खात्रीची मर्यादा. ३ भागिले १५ म्हणजे २० टक्के. २४० घरांत अजूनही अठ्ठेचाळीसपर्यंत घरं असू शकतात! साठ घरी विचारून शून्य आलं तर मर्यादा ५ टक्क्यांवर येते, म्हणजे बारा घरं, आणि मग सोडून देणं शहाणपणाचं.

पण हा ठोकताळा घरं कुठलीही न ठरवता निवडली असतील तरच लागू पडतो. पंधराही घरं तुमच्याच इमारतीतली, तुमच्याच वयाच्या लोकांची असतील तर तो आकडा कॉलनीबद्दल काही सांगत नाही. प्रत्येक इमारतीतून आणि वेगवेगळ्या मजल्यांवरून घरं घ्या.

१२. वॉचमन आधीच मुलांच्या सायकलींत हवा भरून देतो आणि चार पैसे मिळवतो. मी सुरू केलं तर त्याचं नुकसान होईल.

होईल, आणि त्याचा विचार आधी करायला हवा. तो हवा भरतो ही गरजेची सर्वांत पक्की खूण आहे, आणि कोणत्या घरातली सायकल कधी बंद पडते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. हवा भरण्याचं काम त्याच्याकडेच राहू द्या (मग प्रश्न ८ मधला फुकट हवेचा पर्याय सोडून द्या). पंक्चर आणि ब्रेकची कामं तुम्ही घ्या आणि त्यानं नोंदवलेल्या प्रत्येक कामामागे त्याचा ठरलेला वाटा द्या, त्याच दिवशी. त्याच्या नोकरीच्या नियमांत हे बसतं का, ते कमिटीला विचारून घ्या, म्हणजे त्याला त्रास होणार नाही.

१३. शेजाऱ्यांवर नजर ठेवल्यासारखं नाही का होत हे?

वस्तू मोजा, घरं मोजू नका. पहिल्या मोजणीच्या कागदावर सायकलचा आकार आणि बिघाड एवढंच असावं. घर क्रमांक यायचा तो माणसानं स्वतः चिठ्ठीवर लिहून दिल्यावरच. सायकलींचे फोटो काढायचे असतील तर मुलं त्यात येऊ देऊ नका. कुणाच्या दारात कसली पार्सलं येतात, कोण किती दिवस घराबाहेर असतं, असल्या नोंदी कागदावर आणूच नका. असा कागद हरवला तर तो घरफोडीच्या उपयोगाचा ठरतो. गेटवरची नोंदवहीही मागू नका, ती दुसऱ्याच कामासाठी ठेवलेली असते.

१४. आमच्या कॉलनीत चाळीसच घरं आहेत. ही पद्धत चालेल का?

मोजणी चालेल, एकाच सेवेवर उभा राहणारा हिशेब चालणार नाही. प्रश्न ६ मधलं गणित सहाव्या भागावर आणलं तर महिन्याला एखादंही काम धड निघत नाही. छोट्या कॉलनीत दोन रस्ते आहेत: आसपासच्या चार-पाच कॉलनी मिळून एक धरा, किंवा वर्षातून दोनदा भरणारा दुरुस्ती आणि अदलाबदलीचा दिवस ठेवा. दुसऱ्यात साठा हीच तुमची बाजू होते, कारण सहा महिन्यांत तो पुन्हा जमतो.

१५. थांबायचं केव्हा, हे कसं ठरवायचं?

सुरू करण्याआधीच कागदावर लिहा. या उदाहरणात आम्ही असं लिहू: चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या महिन्यात मिळून बारा कामं यायला हवीत. पहिले तीन महिने धरायचे नाहीत, कारण त्यांत साठा उपसला जातो. आठ ते अकरा आली तर शेजारची एक कॉलनी जोडून आणखी तीन महिने बघायचं. आठाहून कमी आली तर दुरुस्ती बंद करून फक्त अदलाबदल ठेवायची. उरलेल्या ट्यूब वर्षानुवर्षं ठेवू नका, रबर कडक होतं. ज्या दुकानातून आणल्या तिथे न फोडलेल्या ट्यूब परत घेतात का, हे पहिल्या खरेदीच्या वेळीच विचारून ठेवलेलं बरं.